रविवारच्या चेकआउटचा हिशेब



स्वागत समितीच्या वतीनं महाबळेश्वरात आपलं मनापासून स्वागत करतो. स्वागताध्यक्षानं गावाचा इतिहास सांगावा, अशी आपल्याकडची रीत आहे. तो तुम्हाला पॉइंटवरचा गाईड माझ्यापेक्षा रंगवून सांगेल. मी बोलणार आहे इथल्या हॉटेलवाल्याला शनिवारी रात्री हमखास पडणाऱ्या प्रश्नाबद्दल : उद्या सकाळी रूम साफ करायला माणसं किती लागतील?

याचं आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे ऑक्युपन्सी बघायची. नव्वद टक्के भरलंय, म्हणजे सगळ्यांना बोलवा. पन्नास टक्के, म्हणजे निम्म्यांना सुट्टी द्या. हा हिशेब मला मान्य नाही. टक्केवारी गल्ल्याला उपयोगी पडते. फडकं हातात घेणाऱ्याला दोनच गोष्टी कळायला हव्यात : आज किती खोल्या सुटणार आणि किती खोल्यांत पाहुणा राहणार.

साठ खोल्यांचं एक हॉटेल धरा. चाळीस स्टँडर्ड, सोळा डीलक्स, चार सूट. स्टँडर्ड रूम चेकआउटनंतर नव्यानं लावायला ३० मिनिटं, डीलक्सला ३८, सूटला ६०. पाहुणा राहत असेल तर हेच काम अनुक्रमे १८, २२ आणि ३५ मिनिटांत होतं, कारण चादरी रोज बदलायच्या नसतात आणि कपाटं पुसायची नसतात.

आता शनिवारी रात्री ५४ खोल्या भरल्या आहेत. ३६ स्टँडर्ड, १४ डीलक्स आणि चारही सूट. रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी परत निघतात, म्हणून ३० स्टँडर्ड, ११ डीलक्स आणि चारही सूट रिकामे होणार. त्यांची मिनिटं झाली १,५५८. राहिलेल्या नऊ खोल्यांची १७४. एकूण १,७३२ मिनिटं, म्हणजे जवळजवळ २९ तास.

त्याच हॉटेलात एखाद्या कंपनीची तीन दिवसांची बैठक आहे. मंगळवारी रात्रीही नेमक्या त्याच ५४ खोल्या भरल्या आहेत, पण बुधवारी सुटणार फक्त आठ स्टँडर्ड आणि दोन डीलक्स. बाकी सगळे मुक्कामाला. इथे काम भरतं १,२२४ मिनिटं, म्हणजे साडेवीस तासांच्या आत. दोन्ही दिवशी ऑक्युपन्सी नव्वद टक्के, आणि कामात फरक साडेआठ तासांचा! एका माणसाची अख्खी पाळी.

एक बारकावा इथेच सांगतो. हिशेबाला काल रात्रीचा आकडा घ्यायचा, आज रात्रीचा नाही. आज सकाळी जी खोली अस्ताव्यस्त आहे, ती कालच्या पाहुण्यानं केलेली असते. बुकिंगचा पडदा बघून माणसं बोलावणाऱ्यांची शुक्रवारी आणि रविवारी हमखास गफलत होते.

तासांवरून माणसांवर येताना आणखी एक खड्डा आहे. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं खरी, पण त्यातून जेवण, चहा, सकाळचं ब्रीफिंग, ट्रॉली भरणं आणि संध्याकाळी लिनन मोजून देणं वजा करा. हातात ३९० च्या आसपास उरतात. १,७३२ ला ४८० नं भागलं तर चार माणसांत काम होतंसं दिसतं. ३९० नं भागलं तर साडेचारला थोडं कमी, म्हणजे पाच. मालक पहिला भागाकार करतो आणि सुपरवायझर दुसरा भोगते. चौथ्या मजल्यावरची शेवटची खोली ती स्वतः लावत असेल, तर समजा की भागाकार चुकलाय.

पाचवा माणूस मिळतच नसेल तर? चौघांची मिनिटं १,५६०. तूट १७२ ची. रविवारी रात्री सगळ्या खोल्या विकल्या जात नाहीत, म्हणून न विकलेल्या काही खोल्या सोमवारवर ढकलता येतात. पण तशाच बंद करून नाही. चादरी, टॉवेल काढायचे, कचरा उचलायचा, बाथरूम कोरडं करायचं. याला आठेक मिनिटं लागतात. म्हणजे एका स्टँडर्ड खोलीमागे २२ मिनिटं वाचली आणि आठ खोल्या ढकलल्या की १७६ मिनिटांची सोय झाली. मात्र ही १७६ मिनिटं सोमवारच्या कागदावर आधी लिहायची आणि मगच सोमवारची माणसं ठरवायची. ती न लिहिल्यामुळे सोमवारी दुपारी आलेला पाहुणा लॉबीत ताटकळतो.

मिनिटं आणायची कुठून? दुसऱ्याच्या हॉटेलातून नक्कीच नाही. ट्रॉली दारात लागल्यापासून खोली तपासणीला तयार होईपर्यंतचा वेळ मोजा. प्रत्येक प्रकारच्या दहा-पंधरा खोल्या, निरनिराळ्या अटेंडंटच्या हातच्या. सगळ्यात चपळ पोराचा वेळ प्रमाण मानू नका. त्याच्या वेगानं बाकीच्यांनी काम केलं, तर टाइल्सच्या फटी काळ्या पडतात.

आणि ऋतूप्रमाणे पुन्हा मोजा. आमच्याकडे वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर पाहुण्यांच्या बुटांबरोबर लाल चिखल थेट पलंगापर्यंत येतो, लादी दोनदा पुसावी लागते आणि भिंतीवरची बुरशी वेगळी. थंडीत उशीच्या अभ्र्यावर स्ट्रॉबेरीचे डाग असतात; ते वेगळे काढून ठेवायला वेळ जातो. एक्स्ट्रा गादी टाकलेली खोली कागदावर स्टँडर्ड असली, तरी चार मुलं राहून गेल्यावर ती तीस मिनिटांत उठत नाही. जुन्या बंगल्यांत सुटे कॉटेज असतील तर ट्रॉली चालत नाही, लिनन हातानं न्यावं लागतं. तो चालण्याचा वेळही मिनिटांत धरा.

अंदाज चुकणारच. कसा चुकला ते ओळखायची खूण सोपी आहे. रोज संध्याकाळी अंदाजाची मिनिटं आणि प्रत्यक्षातली मिनिटं शेजारी शेजारी लिहा. एकाच प्रकारच्या खोलीत रोज फरक पडत असेल, तर त्या खोलीची मिनिटं चुकीची आहेत. फरक काही ठरावीक दिवशीच पडत असेल, तर मिनिटं ठीक आहेत, फ्रंट ऑफिसची चेकआउटची यादी कच्ची आहे : कुणी मुक्काम वाढवला, कुणी पहाटेच निघून गेला, कुणी दारावर ‘डीएनडी’ लावून दुपारपर्यंत झोपला. पहिलं दुखणं हाउसकीपिंगचं, दुसरं रिसेप्शनचं. ही विभागणी झाली की सकाळच्या मीटिंगमधली निम्मी भांडणं मिटतात. लॉबी, जिने आणि लिनन रूम यांचे तास ऑक्युपन्सीवर हलत नाहीत. ते वेगळ्या रकान्यात कायमचे ठेवा. तज्ज्ञ वक्ते त्यावर बोलणारच आहेत.

जेवण एक वाजता, मागच्या हिरवळीवर. पिठलं-भाकरी आहे, उशीर करू नका.

जाता जाता यजमान म्हणून एक विनंती. उद्या परिषद संपली की आपण सगळेच एकाच सकाळी चेकआउट करणार आहात. कोण किती वाजता निघणार आणि कोण एक दिवस जास्त राहणार, हे आज रात्री झोपण्यापूर्वी रिसेप्शनवरच्या वहीत लिहून ठेवा. आमच्या हाउसकीपिंगच्या बाई त्यावरूनच उद्याची माणसं बोलावणार आहेत.