आवणीच्या दिवसाची इंग्रजी डायरी

आपल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. तिथल्या आज्या उतारवयात लिहायला शिकल्या. आम्ही शहापूर-मुरबाडकडच्या बाया शाळेत गेलेल्या, एबीसीडी येणाऱ्या. पण मुलाच्या शाळेतून इंग्रजीत निरोप आला की तो मुलाकडूनच वाचून घ्यायचा, मग त्याला सोयीचं असेल तेवढंच आपल्याला कळायचं! म्हणून गटातल्या आम्ही काही जणी रोज रात्री इंग्रजीत डायरी लिहितो.

पहिल्या महिन्यात रोज तीनच वाक्यं, तीही दिवसभरात घडलेल्या गोष्टींची. आवणीच्या दिवसाचं पान असं होतं: 'वी प्लान्टेड राइस. इट रेन्ड. आय कुक्ड दाल.' मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते 'आय' किंवा 'वी'च्या लगेच मागे येतं. आधी मराठीत लिहून उलटवत बसलं, तर 'वी राइस प्लान्टेड' होऊन बसतं. शब्द अडला तर तो मराठीतच लिहायचा, खाली रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी विचारायचा.

दुसऱ्या महिन्यात पाच वाक्यं, आणि त्यात एक तरी 'नाही'चं. इथे पुष्कळ जणी 'वी डिड नॉट प्लान्टेड' लिहितात. 'डिड'ने भूतकाळाचा भारा उचललेला असतो, म्हणून मागचं क्रियापद साधंच राहतं: 'वी डिड नॉट प्लान्ट.'

तिसऱ्या महिन्यात कारण जोडायचं: 'वी स्टॉप्ड अर्ली बिकॉज इट रेन्ड हेविली.' चौथ्या महिन्यात मनातलं आणि उद्याचं: 'आय थिंक वी विल फिनिश टुमॉरो.'

महिना संपला म्हणून पायरी चढायची नाही. लिहिणं दहा मिनिटांत होतंय आणि आठवड्यात रेघेचे शब्द पाच-सहाच उरलेत, तेव्हा चढायचं. लागोपाठ दोन-तीन पानं कोरी राहिली, तर पायरी उंच झाली समजा आणि एक खाली या.

आपली चूक आपल्याला दिसत नाही, आणि रोज लिहून ती पक्की होते. म्हणून आठवड्याच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्याला दाखवायचं ते एकच पान आणायचं, घरातलं खासगी पान घरीच. दहावीतली एखादी मुलगी ते तपासते, पण एका आठवड्यात एकाच जातीची चूक. सगळं पान लाल झालं की वही पुन्हा उघडावीशी वाटत नाही.

डायरीने लिहिणं सुधारतं, बोलणं आपोआप येत नाही. त्यासाठी लिहिलेलं मोठ्याने वाचा. आणि चौथ्या महिन्यात पहिल्या महिन्यातलं एक पान काढून तोच दिवस पुन्हा लिहा. तीन वाक्यांची किती झाली, ते मोजा.