उणे गळतीचा फीडर



हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या एखाद्या २२ केव्ही फीडरचा मासिक हिशेब हाती आला आणि त्यात वीजगळती 'उणे ४ टक्के' अशी दिसली, तर? म्हणजे उपकेंद्रातून गेली त्यापेक्षा जास्त वीज विकली गेली! तारेतून जाताना वीज थोडी घटणारच, वाढणार कधीच नाही. म्हणून लेखापरीक्षकाला वीस टक्के गळतीपेक्षा हा उणे आकडा अधिक मोलाचा. वीस टक्क्यांमागे चोरी असेल किंवा जुनी केबल असेल, निदान नक्की सांगता येत नाही. उणे आकडा मात्र हिशेब चुकल्याची कबुलीच देतो.

याचं कारण असं, की गळती कुणी मोजत नाही. फीडरच्या मीटरवर किती युनिट गेले ते मोजतात, ग्राहकांच्या बिलांत किती आले त्याची बेरीज करतात आणि उरलेल्याला गळती म्हणतात. दोन्ही बाजूंची प्रत्येक चूक या बाकीत येऊन बसते.

हिंजवडीत ती कुठून येते? एक, इथे बरीच वीज भूमिगत केबलने जाते. केबल तुटली की आरएमयूचा स्विच फिरवून अर्धा भार शेजारच्या फीडरवर टाकतात. वीज आली, लोक खूश. पण संगणकात ते ग्राहक जुन्याच फीडरच्या नावावर राहतात. मग एक फीडर उणे दिसतो आणि शेजारचा भरमसाट गळतीचा. असे जोडीचे आकडे दिसले की आधी स्विचच्या नोंदी मागवायच्या. भरारी पथक नंतर. दोन, छतावरची सौर वीज. एका इमारतीची जास्तीची वीज जाळ्यात येते, शेजारची सोसायटी ती वापरते आणि तिचं बिलही होतं. फीडरच्या मीटरने मात्र ती पाहिलेलीच नसते. जमेच्या बाजूला ती धरली नाही, तर गळती कमी भासते.

आता उलट बाजूचं उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. फीडरवरून महिन्यात १० लाख युनिट गेले, बिलं झाली ८ लाख ६० हजारांची. गळती १४ टक्के. फीडर आखूड, ग्राहक बहुतेक उच्चदाबाचे, चोरीला फारसा वाव नाही. केबलची लांबी, तिचा रोध आणि भार धरून गणित केलं तर तांत्रिक गळती दोनेक टक्केच निघते. मग बाकीचे १२ टक्के कुठे गेले?

उच्चदाबाच्या ग्राहकाचा मीटर सगळा प्रवाह अंगावर घेत नाही. सीटी प्रवाह आणि पीटी दाब ठरावीक प्रमाणात कमी करून त्याला देतात, आणि वाचनाला गुणक लावून खरे युनिट काढतात. समजा, यातल्या एका कंपनीचा पीटी २२,००० ला ११० व्होल्ट, म्हणजे २०० पट. सीटी १० ला ५ ॲम्पिअर, म्हणजे दुप्पट. गुणक ४००. पुढे कंपनीने भार वाढवून घेतला, सीटी बदलून २० ला ५ बसवला. गुणक ८०० झाला. बिलाच्या प्रणालीत मात्र ४०० च राहिला. वाचनातला फरक ३०० असेल, तर बिल १ लाख २० हजार युनिटांचं जातं. खरा वापर २ लाख ४० हजारांचा. तुटीचे १ लाख २० हजार युनिट म्हणजेच ते १२ टक्के. त्यात ना आकडा टाकलेला, ना मीटरशी छेडछाड!

ही चूक मीटरच्या फोटोत दिसत नाही, कारण वाचन बरोबरच असतं. पेटी उघडून सीटीवरची पाटी वाचावी लागते आणि बदलाच्या अहवालाशी ताडावी लागते. भार वाढवल्याच्या महिन्यानंतर बिल तितकं वाढलेलं नाही, ही तिची खूण.

राज्याच्या आकड्यात असली चूक शोधणं अवघड. लाखो कृषिपंपांना मीटर नाहीत, त्यांचा वापर अंदाजाने धरतात. अंदाज वाढवला की गळती आपोआप घटते. वीज नियामक आयोगाने महावितरणच्या या आकड्यांना वेळोवेळी कात्री लावली ती म्हणूनच. आयटी पार्कच्या फीडरवर असा आडोसा घ्यायला पंप नाहीत.

चूक सापडली की फरकाचं बिल येतं, आणि भांडण तिथे सुरू होतं. वीज कायद्याच्या कलम ५६ मध्ये थकबाकी वसुलीला दोन वर्षांची मुदत आहे. पण हरियाणात एका ग्राहकाला गुणक १० ऐवजी ५ लागला होता. त्या प्रेम कॉटेक्स खटल्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही आकारणीतून सुटलेली रक्कम मानली आणि ग्राहकाचं अपील फेटाळलं. तेव्हा उच्चदाबाचं बिल येत असेल, तर त्यावर छापलेला गुणक आपल्या सीटी-पीटीच्या पाट्यांशी एकदा जुळवून पाहा.