नाव एक, जोर दोन

उंब्रजला तारळी आणि कृष्णा यांच्या संगमाजवळ दोन चुलतभाऊ राहतात. दोघेही माझ्या ओळखीचे. एक स्थापत्यशास्त्र शिकतो, दुसरा अभियांत्रिकीला आहे. घरांचे आराखडे, त्यांची चित्रे, फावल्या वेळी खेळ, असे दोघांचे काम सारखेच. उसाचे बिल आले तसे दोन्ही घरांनी लॅपटॉप घेतले. दोन्हींवर चित्रे रेखाटणाऱ्या चिपचे नाव एकच होते : आरटीएक्स ४०६०. एकाचे यंत्र पातळ, देखणे आणि काही हजारांनी महाग. दुसऱ्याचे जाड, वजनदार, आणि त्याचा चार्जर तर विटेएवढा.

एके दिवशी दोघांनी घराचे एकच चित्र दोन्ही यंत्रांवर तयार करायला लावले. जाड्या यंत्राने ते २० मिनिटांत केले, पातळ यंत्राला २४ मिनिटे लागली. महाग यंत्र मागे पडले! "सर, आम्हांला फसवलं का हो?" असे पातळ यंत्रवाल्याच्या वडिलांनी मला विचारले. फसवणूक नव्हती. पण दुकानात जे विचारायला हवे होते, ते कुणी विचारले नव्हते. ते काय, हेच आज सांगायचे आहे.

चिपचे नाव म्हणजे तिची जात. तिला खायला किती मिळते, हे त्या नावात नसते. २०२३ साली आलेली ही ४०६० चिप बनवणाऱ्या एन्व्हिडिया कंपनीनेच लॅपटॉप बनवणाऱ्यांना मोकळीक दिली आहे, की तिला ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज द्या. नाव तेच राहील. पूर्वी कमी विजेच्या चिपच्या नावापुढे 'मॅक्स-क्यू' अशी खूण असे. २०२१ साली आलेल्या पिढीपासून ती खूण नावातून गेली. आता हा आकडा तपशिलाच्या कागदावर बारीक अक्षरांत शोधावा लागतो. आपल्या दोन भावांपैकी पातळ यंत्राची मर्यादा होती ६० वॉट आणि जाड्याची १०५ वॉट.

आता कुणी शिक्षक विचारतील, की वीज जवळजवळ पावणेदोनपट आहे, मग कामही पावणेदोनपट का नाही? २० मिनिटांच्या जागी ३५ का लागली नाहीत? याचे उत्तर सायकलीवर बसून मिळते. वाऱ्याविरुद्ध सायकल मारताना वेग थोडा वाढवायचा म्हटला, तर दम फार लागतो. चिपचेही तसेच आहे. तिचा वेग वाढवायचा तर तिला दाबही, म्हणजे व्होल्टेजही, वाढवून द्यावे लागते. आणि लागणारी वीज ही वेग आणि दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराप्रमाणे वाढते. दाब साधारण वेगाच्याच प्रमाणात वाढला, तर वीज वेगाच्या घनाने वाढते. १.२ चा घन करून पाहा, तो १.७३ येतो. म्हणजे वेग पाचव्या हिश्श्याने वाढवायला वीज पावणेदोनपट हवी. २० मिनिटे आणि २४ मिनिटे, हिशेब जुळला! हा नियम ढोबळ आहे. १०० वॉटच्या पुढे तर या चिपला मिळणारा फायदा आणखीच थोडा असतो. म्हणून सर्वांत मोठ्या आकड्यामागे धावण्यात अर्थ नाही. पण ६० आणि १०० मधला फरक मात्र खरा आहे.

मग पातळ यंत्राला जास्त वीज का दिली नाही? कारण आत गेलेली वीज अखेर सगळी उष्णता होऊन बाहेर पडायला हवी. १०० वॉटचा जुना पिवळा दिवा आठवा. तो हाताला किती चटका देई! तेवढी उष्णता इथे अंगठ्याच्या नखाएवढ्या चिपमधून निघते. ती तांब्याच्या नळ्यांतून कडेच्या पत्र्यांच्या जाळीपर्यंत नेतात आणि पंखा ती बाहेर फेकतो. तत्त्व ट्रॅक्टरच्या रेडिएटरचेच. पातळ यंत्रात नळ्या, जाळी आणि पंखा या सर्वांनाच जागा कमी. म्हणून बनवणाऱ्याने आधीच लगाम आवळून ठेवला.

पण कागदावरचा आकडा म्हणजेही शेवटचा शब्द नव्हे. जाड्या यंत्राची गंमत मे महिन्यात झाली. पत्र्याच्या खोलीत तेच चित्र करायला आता २२ मिनिटे लागू लागली. ही चिप साधारण ८७ अंशांच्या आसपास पोहोचली, की स्वतःला सांभाळण्यासाठी वेग कमी करते. उष्णता किती वाहून जाणार, हे चिप आणि खोलीची हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. हिवाळ्यात खोली २४ अंशांवर असता हा फरक ६३ अंशांचा असतो. मेमध्ये खोली ३९ अंशांवर गेली, की तो ४८ उरतो, म्हणजे साधारण तीनचतुर्थांश. जी व्यवस्था हिवाळ्यात १०५ वॉट जेमतेम बाहेर काढी, तिला आता ८० वॉटच झेपतात. त्यातच जाळीत धूळ बसली, तर भुसा अडकलेल्या रेडिएटरसारखी गत होते.

आपले यंत्र कशाने अडते, विजेने की उष्णतेने, हे घरी पाहता येते. चार्जर जोडा, कारण बॅटरीवर ही चिप पुरा जोर करीतच नाही. यंत्राच्या सेटिंगमध्ये शांत, मध्यम आणि जोरदार असे प्रकार असतील, तर जोरदार निवडा, कारण त्यानेही वॉट बदलतात. मग जड काम सुरू करून आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत ही ओळ टाका :

```
nvidia-smi --query-gpu=power.draw,temperature.gpu,clocks.gr --format=csv -l 10
```

दर दहा सेकंदांनी तीन आकडे दिसतील : वॉट, तापमान आणि वेग. निदान वीस मिनिटे पाहा. पहिली दोन मिनिटे प्रत्येक यंत्र शूर असते. वॉट एका आकड्याला चिकटून राहिले आणि तापमान ७०-७५ वर थांबले, तर मर्यादा विजेची आहे. तिला घरगुती उपाय नाही. पण तापमान ८६-८७ वर जाऊन बसले आणि वॉट हळूहळू उतरू लागले, तर दोष उष्णतेचा. मग यंत्र बंद करून जाळी साफ करावी, आणि मागची बाजू दोन बोटे उचलून ठेवावी. गादीवर तर ते कधीच ठेवू नये. जाड्या यंत्राची जाळी साफ केली तेव्हा कपभर नव्हे, पण चिमूटभर तरी कापूस निघाला, आणि संध्याकाळच्या गार हवेत ते पुन्हा २० मिनिटांवर आले.

दुकानात गेल्यावर मात्र चिपच्या नावानंतर लगेच दुसरा प्रश्न विचारा : "हिला वॉट किती?" जाहिरातीत १४० वॉट असे लिहिलेले दिसले, तर त्यांतले २५ प्रोसेसरच्या वाट्यातून उसने घेतलेले असतात, हे ध्यानात ठेवा, मुख्य प्रोसेसर कामात गुंतला, की ते मिळत नाहीत.

त्या वडिलांना मी एवढेच सांगितले, की तुमचे यंत्र खोटे नाही. मुलगा ते रोज पाठीवर टाकून उंब्रजहून कऱ्हाडला एसटीने नेतो. चार मिनिटे उशीर हे त्या हलकेपणाचे मोल आहे. ते मोल द्यायचे की नाही, हे पैसे मोजण्याआधी ठरवता आले असते, एवढीच काय ती हळहळ.