त्रिकोण नाही, तरी रंग पुरेनात



काही बिंदू, त्यांना जोडणाऱ्या रेघा, रेघेच्या दोन टोकांना एकच रंग द्यायचा नाही, आणि असं रंगवायला कमीत कमी जितके रंग लागतील तो त्या आकृतीचा रंगांक. एवढी पूर्वपीठिका आपल्याला ठाऊक आहे असं मी धरून चालतो. नसेल त्यांनी शेजारच्या खुर्चीत विचारावं. (हशा)

मी आलोय तो एक हट्ट घेऊन. ‘अशी वस्तू असलीच पाहिजे’ एवढंच सिद्ध करून जो गणिती हात झटकतो, त्याचं काम मी अर्धंच धरतो. असेल तर बांधून दाखवा. आजचा विषय मी निवडला तो याच हट्टापायी.

प्रश्न साधा आहे. तीन बिंदू एकमेकांना जोडलेले असले, म्हणजे त्रिकोण असला, की तीन रंग लागणारच. साहजिकच वाटतं की जास्त रंग लागतात ते अशा दाटीमुळे. मग आकृतीत एकही त्रिकोण ठेवला नाही, तर रंगांना कुठेतरी मर्यादा पडेल? पडत नाही. आणि ते १९५५ साली यान मित्सिएल्स्की या पोलिश गणितज्ञाने दोन पानांच्या फ्रेंच लेखात हाताने बांधून दाखवलं. वय असेल तेवीसच्या आसपास.

रीत फळ्यावर करू. पाच बिंदूंचं कडं घेऊ या: अ, इ, उ, ए, ओ, आणि ओ पुन्हा अला जोडलेला. त्रिकोण नाही. दोन रंग एकाआड एक देत गेलात तर पाचव्यापाशी अडता, म्हणून रंगांक तीन. आता प्रत्येक बिंदूची एक सावली काढा. अची सावली अच्या शेजाऱ्यांना जोडायची, म्हणजे इ आणि ओ यांना. अला मात्र नाही. सावल्या आपापसांतही जोडायच्या नाहीत. शेवटी एक नवा बिंदू, त्याला शेंडा म्हणू, तो सगळ्या सावल्यांना जोडायचा, मूळ बिंदूंपैकी एकालाही नाही. झाले अकरा बिंदू आणि वीस रेघा. ही आकृती ग्रोच यांच्या नावाने ओळखली जाते.

(सभागृहातून: सावली मूळ बिंदूला का नाही जोडायची?)

छान विचारलंत. जोडून बघा ना! अ इला जोडलेला आहे, अची सावलीही इला जोडलेली आहे. आता अ आणि त्याची सावली जोडलीत की त्रिकोण तयार. या रचनेत काय जोडलं याहून काय मोकळं सोडलं तिकडे लक्ष ठेवा. शेंड्याचे शेजारी फक्त सावल्या, आणि सावल्या एकमेकींशी जोडलेल्या नाहीत, म्हणून शेंड्यापाशी त्रिकोण होत नाही. अच्या सावलीने दोन मूळ बिंदूंशी त्रिकोण केला असता, तर ते दोघे अचेही शेजारी, म्हणजे मुळातच त्रिकोण होता. तो तर नव्हता.

आता रंगवा. अ लाल, इ हिरवा, उ लाल, ए हिरवा, ओ पिवळा. तीन रंगांत भागवायचं म्हणता? शेंडा पिवळा द्या. मग कुठलीच सावली पिवळी नको. पण ओची सावली लाल अला आणि हिरव्या एला जोडलेली, तिला पिवळ्याशिवाय गत्यंतर नाही. अडलो. शेंडा लाल केलात, तर अची सावली हिरव्या इ आणि पिवळ्या ओमध्ये अडकते, तिला लालच हवा. शेंडा हिरवा केलात, तर एची सावली नडते. चौथा रंग आणावाच लागतो. आणि शेंडा काढून टाकलात, तर प्रत्येक सावलीला तिच्या मूळ बिंदूचाच रंग देऊन तीनांत सुटता. दोन्ही हवेत: सावल्याही आणि शेंडाही.

मित्सिएल्स्कींच्या आधी कुणाला त्रिकोणाशिवाय रंग वाढवणं जमलं नव्हतं असं नाही. १९४९ मध्ये झिकोव्ह यांनी केलं होतं, आणि ब्लांश देकार्त नावाच्या बाईंनीही. या बाईंविषयी सांगायलाच हवं. त्या जन्मालाच आल्या नव्हत्या! (हशा) केंब्रिजमधल्या चार विद्यार्थ्यांचं ते टोपणनाव: ब्रूक्स, स्मिथ, स्टोन आणि टट. चौरसाचे सगळे वेगवेगळ्या मापांचे चौरस तुकडे करायचे, या कोड्याच्या मागे ही चौकडी लागली होती. टट मूळचा रसायनशास्त्राचा. युद्धात तो ब्लेचली पार्कला गेला आणि जर्मनांचं लोरेन्झ हे संकेतयंत्र डोळ्यांनी न बघता, नुसत्या पकडलेल्या संदेशांवरून, त्याची आतली रचना कशी असेल ते त्याने काढलं. म्हणजे पाहा, इथेही यंत्र ‘असलंच पाहिजे’ म्हणून तो थांबला नाही, त्याचं एकेक चाक...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं? पाच! (हशा) बरं, मग टट राहू द्या, मुख्य सिद्धता राहायला नको.

समजा आकृतीला क रंग लागतात, आणि कुणी म्हणालं की सावल्या नि शेंड्यासकट मी सगळं क रंगांत बसवलं. शेंड्याचा जो रंग, तो सावल्यांपैकी कुणाचाच नाही. मूळ बिंदूंपैकी ज्यांना तो आहे त्यांचा पुसा आणि प्रत्येकाला आपापल्या सावलीचा रंग द्या. बिघडतं का? असे दोन बिंदू एकमेकांचे शेजारी नसतात, कारण दोघांचा रंग एकच होता. उरलेले शेजारी आहेत तसेच राहिले, आणि सावली त्या सगळ्यांना जोडलेली असल्याने तिचा रंग त्यांच्याहून वेगळाच आहे. म्हणजे मूळ आकृती एक रंग कमी वापरून रंगली. पण तिला क लागत होते! म्हणून दर फेरीला एक रंग वाढतो. एका रेघेपासून निघालात तर बिंदू होतात २, ५, ११, २३, ४७. दर वेळी दुप्पट अधिक एक.

(सभागृहातून: एर्डोशचं काय?)

येणार हे माहीत होतं. १९५९ मध्ये एर्डोश यांनी संभाव्यतेने दाखवलं की त्रिकोणच काय, चौकोन, पंचकोन, हव्या त्या लांबीपर्यंतची छोटी कडी वगळूनही रंगांक हवा तेवढा मोठा ठेवता येतो. आमच्या रचनेत चौकोन भरपूर. अ, इ, अची सावली, ओ, हा घ्या एक. शिवाय दहा रंगांसाठी आमचे ७६७ बिंदू होतात, आणि यादृच्छिक रीतीला पुढे पुढे फार कमी बिंदू पुरतात. हे सगळं कबूल. पण त्या सिद्धतेत आकृती कुठे आहे? छोट्या कड्यांशिवायची आकृती बांधून दाखवली ती लोवास यांनी, १९६८ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी.

हो, उठतोच आहे. एकच सांगतो. ११ बिंदूंची आकृती चार रंगांसाठी सगळ्यांत लहान आहे, तिच्याहून लहान त्रिकोणरहित आकृती तीन रंगांत भागते. पुढची, २३ ची, मात्र सगळ्यांत लहान नाही. पाच रंगांसाठी २२ पुरतात आणि त्याहून कमी पुरत नाहीत, हे जेन्सन आणि रॉयल यांनी १९९५ मध्ये संगणक लावून पक्कं केलं. एका बिंदूने हरलो. पण त्यांचीही आकृती कागदावर काढता येते, माझ्याकडे आहे. ज्यांना हवी त्यांनी बाहेर चहापाशी भेटा.