पाच पिनांचं गोल भोक



जुन्या कीबोर्डच्या मागे पाच पिनांची गोल भोकं दिसतात.
ती मिडीची.
१९८३ पासूनची ही सोय.

एक लक्षात घ्या.
मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही.
कोणती पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली…
असे निरोप जातात.

कॉम्प्युटरला जोडायला यूएसबी-मिडी इंटरफेस घ्या.
एका टोकाला यूएसबी,
दुसरीकडे दोन गोल पिना.

आता जोडणी.
कीबोर्डचं आऊट, इंटरफेसच्या इनमध्ये.
पुन्हा सांगतो…
आऊटमधून निघालेलं, इनमध्ये जातं.

गोंधळ होतो तो इथेच.
काही वायरींच्या पिनेवर ‘इन’ लिहिलेलं असतं,
पण ती लावायची असते कीबोर्डच्या आऊटला!
म्हणून पट्टी दाबून पाहा.
इंटरफेसवरचा इनचा दिवा लुकलुकला, तर जोडणी बरोबर.
नाहीतर दोन्ही पिनांची अदलाबदल करा.
त्यानं काही जळत नाही.

दिवा लागतो, पण कॉम्प्युटर गप्प?
साहजिक आहे.
वायरीतून आवाज येतच नाही ना!
संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये इनपुट म्हणून हा इंटरफेस निवडा,
आणि एखादं वाद्य उघडा.

गोल पिन बसवताना मात्र जोर लावू नका.
खाच जुळवा, मगच दाबा.
आतल्या बारीक पिना वाकतात.