चेक परत आला तर



समजा, अर्जुनी मोरगावच्या राईस मिलने नागपूरला तांदूळ पाठवला.
बिलापोटी चेक आला.
बँकेत भरला, तर परत आला.
खात्यात पैसेच नव्हते.

बँकेकडून रिटर्न मेमो घ्या.
मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा.
चेकची पूर्ण रक्कम मागा.

फोनवर ‘उद्या देतो’ ऐकत बसू नका.
तिथेच बहुतेकांचे दिवस निघून जातात.
पुन्हा सांगते, मेमोपासून 30 दिवस.

नोटीस मिळाली, की समोरच्याला 15 दिवसांची मुदत असते.
तरीही पैसे आले नाहीत,
तर त्यानंतर महिनाभरात कलम 138 खाली तक्रार दाखल करा.

त्यासाठी नागपूर गाठायची गरज नाही.
आपलं खातं ज्या शाखेत,
तिथल्याच हद्दीतल्या न्यायालयात तक्रार चालते.