आजचा अर्धा दिवस बेरजेत धरू नका
(दूध संकलनाचं काम बघणाऱ्या सदस्यांच्या बैठकीत केलेलं बोलणं)



आज मी दुधाच्या रोजच्या अहवालाबद्दल बोलणार आहे. तोच अहवाल, जो सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि ज्याच्यावरून गावात दिवसभर चर्चा होते. त्याच्या शेवटच्या ओळीमुळे विनाकारण भांडणं होताना मी बघितली आहेत, म्हणून हा विषय घेतला.

आधी हा अहवाल तयार कसा होतो ते बघू. संकलन केंद्रावरची ताई फोनवरच्या गुगल फॉर्ममध्ये प्रत्येकीचं दूध भरते. दुधाची तारीख, सकाळ की संध्याकाळ, सदस्य क्रमांक आणि लिटर. ही सगळी नोंद एका शीटमध्ये जाऊन पडते. मग रोज सकाळी एकदा शीट आपोआप 'रिफ्रेश' होते, म्हणजे त्या वेळी जेवढ्या नोंदी आल्यात त्यांची तारखेनुसार बेरीज करून ती 'अहवाल' नावाच्या पानावर ठेवली जाते. ही वेळ ठरवताना गुगल आपल्याला तासाचा पट्टा निवडायला देतं, समजा सकाळी 6 ते 7. त्यात नेमकं किती वाजता काम होईल ते गुगलच ठरवतं. एकदा आकडे ठेवले की ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तसेच राहतात.

गोम इथेच आहे. सकाळी सहा-साडेसहाला आपलं संकलन नुकतं सुरू झालेलं असतं. काहींची धार काढून झालेली असते, काहींची व्हायची असते. रिफ्रेशला याचं काही सोयरसुतक नाही. नोंदीत आजची तारीख दिसली की ते आजचीही बेरीज करतं आणि कालच्या, परवाच्या पूर्ण दिवसांखाली तीही एक ओळ मांडून मोकळं होतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून मी घेतलेले आहेत. एका केंद्रावर दोन्ही वेळचं मिळून दिवसाला साधारण 320 लिटर दूध येतं. गुरुवारी 322, शुक्रवारी 316, शनिवारी 325, रविवारी 319, सोमवारी 320, मंगळवारी 318. बुधवारी सकाळी 6 वाजून 25 मिनिटांनी रिफ्रेश झालं, तेव्हा नऊ जणींचं मिळून 52 लिटर भरलं होतं. अहवालात बुधवारपुढे 52 आले. त्यानंतर आठ वाजेपर्यंत बाकीच्यांनी दूध घातलं, संध्याकाळचंही आलं आणि दिवस 321 लिटरवर गेला. पण अहवालात दिवसभर 52 च दिसत होते.

एवढ्यावर भागलं असतं तर कोणी म्हणालं असतं, "अगं, आजचं अजून यायचंय." पण त्याखाली 'सात दिवसांची सरासरी' असते ना, ती कोणी उलगडून बघत नाही. त्या सात ओळींची बेरीज होते 1972 आणि सरासरी निघते 282 लिटर. खरी सरासरी 320. म्हणजे कागदावर रोजचं 38 लिटर दूध गायब! कोणाचीही म्हैस आटलेली नाही, कोणी दूध दुसरीकडे घातलेलं नाही. तरी बैठकीत विचारलं जातं, "दूध जातंय कुठं?" आणि बोट दाखवलं जातं माप घेणाऱ्या ताईकडे, नाहीतर जिच्या घरी खाजगी डेअरीचा माणूस चहाला येऊन गेला तिच्याकडे. कुणी म्हणतं पशुखाद्याची मागणी कमी करा, कुणी म्हणतं टेम्पोवाल्याशी पुन्हा बोला. हे सगळं एका अर्ध्या ओळीवरून.

घट खरी की खोटी, हे ओळखायची सोपी खूण आहे. लागोपाठ दोन-तीन दिवसांचे अहवाल शेजारी ठेवा. रोज शेवटचीच ओळ बुटकी दिसत असेल, आणि काल बुटकी असलेली ओळ आज पूर्ण उंचीची झाली असेल, तर ती घट नाही, तो अर्धवट दिवस आहे. खरी घट दुसऱ्या दिवशी भरून येत नाही. ती मागच्या ओळींमध्येही तशीच राहते.

आता उपाय. बेरीज आणि सरासरी दोन्ही कालपर्यंतच करायची. शीटमध्ये TODAY() म्हणजे आजची तारीख, म्हणून अट घालायची की दुधाची तारीख आजपेक्षा लहान हवी. सात दिवसांच्या सरासरीचं सूत्र असं होतं. इथं B रकान्यात दुधाची तारीख आहे आणि E मध्ये लिटर.

```
=SUMIFS('नोंद'!E:E,'नोंद'!B:B,">="&TODAY()-7,'नोंद'!B:B,"<"&TODAY())/7
```

बुधवारी सकाळी हे सूत्र मागच्या बुधवारपासून मंगळवारपर्यंतचे सात पूर्ण दिवस घेतं. मागच्या बुधवारी 320 लिटर असेल तर बेरीज 2240 आणि सरासरी बरोबर 320. नुसतं आज काढून टाकलं आणि सहा दिवसांच्या बेरजेला सातनं भागलं, तर पुन्हा खोटी घट दिसेल. म्हणून मागचा एक दिवस आत घ्यायचा, हे विसरू नका. तारखेनुसारच्या यादीला आणि आलेखालाही हीच 'आजपेक्षा लहान' ची अट लावायची.

हे सांगितलं की लगेच प्रश्न येतो, "मग माझं आजचं दूध गेलं कुठं?" कुठंही गेलं नाही. नोंदीच्या पानावर ते आहे, तिथलं काहीही पुसायचं नाही. ते फक्त आजच्या बेरजेत नाही, उद्या सकाळी पूर्ण दिवस म्हणून येईल. हे कळावं म्हणून अहवालाच्या डोक्यावर तारीख टाका:

```
="दि. "&TEXT(TODAY()-1,"dd/mm/yyyy")&" अखेर"
```

या ओळीचा दुसराही उपयोग आहे. शीटला स्वतःचं घड्याळ असतं. कधीकधी शीट तयार होतानाच त्यात परदेशातली वेळ बसलेली असते. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. अशा शीटला बुधवारी सकाळी 'आज' म्हणजे मंगळवार वाटतो, ती मंगळवारही गाळते आणि अहवाल सोमवारीच संपतो. लंडनच्या हिवाळी वेळेवर, म्हणजे जीएमटीवर चालणारी शीट तर आणखी फसवी. तिची तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. रिफ्रेश पाचला झालं तर कालचा दिवस गायब, सहाला झालं तर हजर. डोक्यावर कालची तारीख नसेल तर File मध्ये Settings उघडा आणि Time zone भारताची, म्हणजे GMT+05:30 आहे का बघा.

आता थोडी नाजूक गोष्ट. कालचा दिवस तरी पूर्ण असतो का? नेहमी नसतो. ज्या वाडीत संध्याकाळी रेंज नसते तिथली ताई वहीत लिहून ठेवते आणि सकाळी नऊ-दहाला फोनवर भरते. तोपर्यंत रिफ्रेश होऊन गेलेलं असतं. मग मंगळवारचे 318 न दिसता फक्त सकाळचे 180 दिसतात. यासाठी अहवालात कालच्या ओळीशेजारी एक छोटी मोजणी ठेवा:

```
=COUNTIFS('नोंद'!B:B,TODAY()-1,'नोंद'!C:C,"संध्याकाळ")
```

C रकान्यात सकाळ की संध्याकाळ लिहिलेलं असतं. रोज संध्याकाळी तीस-बत्तीस जणी दूध घालत असतील आणि इथं शून्य किंवा दहा आलं, तर समजायचं की नोंद राहिली आहे. तो दिवस गाळू नका. त्याच्यापुढे 'संध्याकाळ बाकी' असं लिहून पाठवा. गाळला तर केंद्र खरोखर बंद होतं की नोंदच आली नाही, हे मागाहून कळत नाही. वहीतली नोंद उशिरा भरताना फॉर्ममध्ये दुधाची तारीख कालचीच टाकायची, हेही तितकंच महत्त्वाचं. फॉर्म भरल्याची वेळ गुगल आपोआप वेगळ्या रकान्यात लिहितं. त्या रकान्यावरून बेरीज केली तर कालची संध्याकाळ आजच्या खात्यात जाईल.

एका ताईंनी मघाशी विचारलं की आज दिसलंच नाही तर जनावरं आजारी पडून एकदम दूध घटलं, हे आम्हाला उद्या कळणार का? रास्त प्रश्न आहे. त्यासाठी खाली वेगळ्या चौकटीत 'आज आतापर्यंत' हा आकडा वेळेसकट दाखवा: सकाळी 6.25 पर्यंत 52 लिटर. तो सरासरीत आणि आलेखात घ्यायचा नाही. आणि त्याची तुलना कालच्या पूर्ण दिवसाशी तर नाहीच. सकाळचं संकलन संपलं की आजची सकाळ कालच्या सकाळशी ताडून बघा. आजची 120 आणि कालची 180 असेल, तर लगेच फोन फिरवा. तिथं उद्याची वाट बघायची नाही.

शेवटी दहा दिवसांच्या बिलाचं. बिलाला हे सूत्र लावू नका. 1 ते 10 तारखेचं बिल 11 च्या सकाळी काढलं तर 'आजपेक्षा लहान' या अटीनं 10 तारीख बरोबर आत येते, म्हणून वाटतं की चालतंय. पण कोणी घाईनं 10 तारखेच्या रात्री, संकलन संपल्यावर बिल काढलं, तर शीटसाठी 10 तारीख अजून 'आज'च आहे. ती अख्खी गळेल आणि प्रत्येकीचं एका दिवसाचं दूध बिलातून जाईल. बिलाच्या पानावर 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा हातानं लिहायच्या आणि बेरीज त्यांच्यावरून करायची. बिल वाटण्याआधी प्रत्येकीच्या दहा सकाळ आणि दहा संध्याकाळ आल्यात का, ते तिच्या कार्डाशी ताडून घ्या. कमी असतील तर त्या दिवशी तिनं दूध घातलंच नव्हतं की नोंद राहिली, हे तिलाच विचारा.